डीएनए रेप्लिकेशनचे एन्झाइम क्रमाने लावायचे कसे: हँडआउटमधली सात नावं

आमच्याकडं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पोरापोरींजवळ मॉलिक्युलर बायोलॉजीचं जे हँडआउट फिरते, त्यात रेप्लिकेशनला एकच पान असते, वर आकृती आणि खाली टेबल. टेबलात सात नावं: हेलिकेज, एसएसबी, टोपोआयसोमरेज म्हणजे आपलं जायरेज, प्रायमेज, डीएनए पॉलिमरेज तीन, पॉलिमरेज एक आणि लायगेज. परीक्षेत हीच नावं उलटीपालटी करून देतात आणि म्हणतात, क्रमाने लावा, प्रत्येकाचं काम लिहा. पोट्टे मंग काय करतात, पहिल्या अक्षरांचा मंत्र बनवून पाठ करून टाकतात, आणि पेपरात एखादं नाव जास्तीचं आलं किंवा "प्रायमेज नसलं तर काय होईल" असं विचारलं की तो मंत्र काही कामाचा राहत नाही.

हा क्रम पाठ करायचा नाही, काढायचा. आणि तो काढता येते, कारण प्रत्येक एन्झाइमला काम सुरू करायला एक ठरावीक वस्तू लागते आणि ती वस्तू त्याच्या आधीचं एन्झाइम बनवून ठेवते. एवढा एक धागा पकडला तर सातही नावं आपोआप जागेवर बसतात. खाली मी सगळं ई. कोलाय या बॅक्टेरियाचंच सांगतो, कारण हँडआउटातली ही सात नावं त्याचीच आहेत. माणसाच्या पेशीची यादी वेगळी आहे, तिच्याबद्दल शेवटी बोलू.

बसायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, एका वहीच्या पानाचे सात तुकडे करा, एकेका चिठ्ठीवर एकेक नाव, आणि खाली तीन ओळी रिकाम्या सोडा: याला सुरुवातीला काय लागते, हे काम करून काय सोडते, आणि हे नसलं तर कुठं अडते. दुसरी गोष्ट, आकृती स्वतः काढा. हँडआउट मुळात रंगीत असते, पण आपल्या हाती येते ती झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात लाल निळं सगळं काळं होते आणि ३ प्राइम, ५ प्राइमचे बारीक आकडे वाचताच येत नाहीत. म्हणून दोन आडव्या रेघा ओढा, उजव्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या, डाव्या बाजूला फाकलेल्या. वरच्या रेघेच्या डाव्या टोकाला ३ प्राइम लिहा आणि उजव्या टोकाला ५ प्राइम, खालच्या रेघेला बरोबर उलटं. फाटा, म्हणजे फोर्क, उजवीकडं सरकत जाणार आहे. हे चित्र समोर असलं पाहिजे, नाहीतर पुढचं निम्मं डोक्यावरून जाईल.

उघडण्यापासून सुरू करू

सगळ्यात पहिलं काम दोन स्ट्रँड वेगळे करायचं. पण हेलिकेज बंद डीएनएवर स्वतःहून जाऊन बसत नाही. ई. कोलायच्या डीएनएत ओरी-सी नावाची एक जागा आहे, साधारण २४५ बेस पेअरची, तिथं डीएनए-ए नावाचं प्रोटीन बसते आणि शेजारचा ए-टी जास्त असलेला भाग थोडासा उघडते (ए-टीमध्ये दोनच हायड्रोजन बाँड, जी-सीमध्ये तीन, म्हणून तो भाग लवकर सुटते). मग डीएनए-सी हे मदतनीस प्रोटीन हेलिकेजला आणून त्या उघड्या स्ट्रँडवर चढवते. तुमच्या टेबलात डीएनए-ए नसलं तर हेलिकेज पहिलं, असलं तर डीएनए-ए पहिलं, एवढं लक्षात ठेवा.

हेलिकेज, म्हणजे डीएनए-बी, सहा तुकड्यांची रिंग आहे आणि ती एकाच स्ट्रँडभोवती बसून ५ प्राइमकडून ३ प्राइमकडं एटीपी खर्च करत पळते. तुमच्या चित्रात पाहा, फोर्क उजवीकडं जाऊन राहिला आणि ५ प्राइम डावीकडं आहे ती खालची रेघ, म्हणजे हेलिकेज खालच्या रेघेवर बसलेलं दाखवायचं. हीच खालची रेघ लॅगिंग स्ट्रँडचं टेम्प्लेट ठरते. चिठ्ठीवर लिहा: लागते थोडा उघडा सिंगल स्ट्रँड, सोडते लांबलचक सिंगल स्ट्रँड.

हे मोकळे झालेले स्ट्रँड तसेच ठेवले तर परत एकमेकांना चिकटतील, नाहीतर स्वतःवरच दुमडून गाठी होतील. म्हणून लगेच एसएसबी येऊन त्यावर बसते. त्याला सिंगल स्ट्रँड लागते, आणि तो हेलिकेज बनवते, म्हणून हे हेलिकेजच्या मागं. इथं एक गोष्ट लिहून ठेवाच: हँडआउटच्या डोक्यावर "एन्झाइम" लिहिलं असलं तरी एसएसबी एन्झाइम नाही. ते कोणती रासायनिक क्रिया घडवत नाही, एटीपीही खात नाही, फक्त धरून ठेवते आणि पॉलिमरेज आलं की बाजूला होते. "खालीलपैकी एन्झाइम नसलेलं कोणतं" हा एक मार्काचा प्रश्न याच्यावरच निघते.

जायरेज पहिलं का हेलिकेज पहिलं

हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतेच, "सर, ह्या गाइडात जायरेज पयले देलं आन् त्याच्यात हेलिकेज, खरं काय लिहावं?" याला नीट वेळ देऊ.

पोळ्याला बैलासाठी जो दोन पदरी कासरा वळतात तो घ्या, एक टोक खुंट्याला घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून दोन पदर झपाझप ओढून वेगळे करा. पुढचा भाग जास्त जास्त पिळत जाते, मग त्याच्यावर वळ्या पडतात आणि एका जागेवर पदर सुटतच नाहीत. डीएनएचंही तेच, आणि ई. कोलायचा डीएनए तर गोल आहे, त्याला मोकळं टोकच नाही की पीळ तिकडून निघून जाईल. आकडा काढून पाहा. फोर्क सेकंदाला साधारण १००० बेस पेअर पुढं जाते, डीएनएचा एक वेढा साधारण १०.५ बेस पेअरचा, म्हणजे दर सेकंदाला ९५ वेढे उलगडले जातात आणि तेवढा पीळ फोर्कच्या पुढं साचते. जायरेज तिथं बसून डीएनएचे दोन्ही स्ट्रँड कापते, त्या कापातून दुसरा भाग आरपार नेते आणि काप परत जोडते, एका वेळी दोन वेढ्यांचा हिशेब मिटते, आणि त्याला एटीपी लागते.

आता क्रम. जागेच्या हिशेबाने जायरेज सगळ्यात पुढं, फोर्कच्याही उजवीकडं. वेळेच्या हिशेबाने हा पीळ हेलिकेज चालल्यामुळंच पडते, म्हणून हेलिकेज आधी आणि जायरेज त्याच्या सोबत. पण तिसरीही बाजू आहे. रेप्लिकेशन सुरू व्हायच्या आधीसुद्धा जायरेजनं डीएनएला उलटा, म्हणजे निगेटिव्ह पीळ देऊन ठेवलेला असते, आणि त्या पिळामुळंच ओरी-सीवरचा भाग उघडायला सोपं जाते, म्हणून ज्यांनी ते पहिलं लिहिलं त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. माझं मत असं की उत्तर लिहिताना हेलिकेज पहिलं लिहा, जायरेज त्याच्या लगेच नंतर, आणि एक ओळ जोडा की हे दोन एकाच वेळी चालतात, जायरेज फोर्कच्या पुढं आणि हेलिकेज फोर्कवर. एवढी ओळ असली की तपासणाऱ्याला तुम्हाला समजलं हे दिसते. आणि वस्तुनिष्ठ प्रश्न असला, पर्याय दिलेले असले, तर आधी बाकीचे पाच कोणत्या पर्यायात बरोबर लागले ते पाहा, बहुतेक वेळा तिथंच निकाल लागून जाते.

(गावातल्या मेडिकलमध्ये मिळते ती सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी याच जायरेजला पकडते. ती त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवते, काप जोडायचा राहून जाते आणि बॅक्टेरियाचा डीएनए तुटून पडते.)

प्रायमेज आणि पॉलिमरेज तीन

आता उघडा स्ट्रँड तयार आहे, मग पॉलिमरेज तीननं सरळ कामाला काहून लागू नये? कारण त्याला शून्यातून सुरुवात करता येत नाही. नवा न्यूक्लिओटाइड ते आधीच्या तुकड्याच्या ३ प्राइम टोकावरच्या ओएच ग्रुपलाच जोडते, आणि इथं तर आधीचा तुकडाच नाही. प्रायमेजचं, म्हणजे डीएनए-जीचं, तसं नाही. ते शून्यातून सुरू करू शकते, फक्त ते डीएनए नाही तर आरएनए बनवते, साधारण १० ते १२ न्यूक्लिओटाइडचा छोटा प्रायमर. आणि फोर्कवर काम करायला प्रायमेजला हेलिकेजला चिकटावं लागते, मोकळ्यानं ते फारसं काम करत नाही. म्हणजे प्रायमेज हेलिकेजच्या आधी येऊच शकत नाही याला दोन कारणं झाली: एक तर टेम्प्लेट उघडं पाहिजे, दुसरं म्हणजे हेलिकेज स्वतः तिथं पाहिजे.

प्रायमर झाला की क्लॅम्प लोडर एक रिंग, म्हणजे बीटा क्लॅम्प, त्याच्यावर बसवते आणि पॉलिमरेज तीन त्या रिंगला धरून पळते. रिंग नसली तर ते थोडेसे न्यूक्लिओटाइड जोडून गळून पडते, रिंग असली तर हजारो जोडूनही सुटत नाही. टेबलात क्लॅम्प असला तर प्रायमेज आणि पॉलिमरेज तीनच्या मधात ठेवा.

आता तुमच्या चित्रावर या. पॉलिमरेज नवा स्ट्रँड ५ प्राइमकडून ३ प्राइमकडंच वाढवते, दुसरी दिशा त्याला नाही. वरच्या रेघेवर ही दिशा डावीकडून उजवीकडं येते, म्हणजे फोर्क जिकडं जाऊन राहिला तिकडंच, तो लीडिंग स्ट्रँड, एका प्रायमरवर सलग चालते. खालच्या रेघेवर दिशा उजवीकडून डावीकडं, म्हणजे फोर्कच्या उलटी. फोर्क पुढं सरकला की मागं नवी उघडी जागा राहून जाते, तिथं पुन्हा प्रायमर, पुन्हा पॉलिमरेज. हेच ओकाझाकी तुकडे, जपानच्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जोडप्यानं १९६८ साली दाखवलेले. बॅक्टेरियात एकेक तुकडा साधारण १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचा.

दोन तुकडे जोडेपर्यंत

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात, पॉलिमरेज एक आणि लायगेजच्या क्रमात, म्हणून दोन तुकड्यांचं उदाहरण पूर्ण करून पाहू. खालच्या रेघेवर डावीकडं पहिला तुकडा काढा, १५०० न्यूक्लिओटाइडचा. त्याच्या उजव्या टोकाला त्याचा प्रायमर, ते ५ प्राइम टोक. आता फोर्क पुढं गेला, उजवीकडं दुसरा प्रायमर पडला, आणि पॉलिमरेज तीन तिथून डावीकडं चालत आलं. १५०० न्यूक्लिओटाइडला सेकंदाला १००० च्या वेगानं दीड सेकंद लागला. चालत चालत ते पहिल्या तुकड्याच्या प्रायमरला जाऊन भिडलं आणि तिथं सुटलं.

त्या जोडावर आता काय आहे ते बारकाईनं पाहा. उजवीकडून आलेल्या दुसऱ्या तुकड्याचं ३ प्राइम टोक, त्यावर मोकळा ओएच. त्याला लागून डावीकडं पहिल्या तुकड्याचा आरएनए प्रायमर, आणि त्याच्या ५ प्राइम टोकावर तीन फॉस्फेट, कारण प्रायमेजनं तो शून्यातून सुरू केला होता. लायगेजला काय लागते? एका बाजूला ३ प्राइम ओएच आणि दुसऱ्या बाजूला ५ प्राइमवर एकच फॉस्फेट, दोन्ही बाजू डीएनएच्या. इथं ते नाहीच. म्हणून लायगेज आत्ता येऊन उपयोग नाही, आणि चुकून जोड बसलाच असता तर डीएनएत आरएनएचा तुकडा कायमचा राहिला असता.

आता पॉलिमरेज एक येते. याच्याजवळ अशी एक गोष्ट आहे जी पॉलिमरेज तीनजवळ नाही: ५ प्राइमकडून ३ प्राइमकडं खाणारी एक्झोन्यूक्लिएज ॲक्टिव्हिटी. ते दुसऱ्या तुकड्याचा ३ प्राइम ओएच धरते, समोरचा आरएनए एकेक करून काढते आणि त्याच जागी डीएनए भरत जाते. लक्षात घ्या, पहिल्या तुकड्याचा प्रायमर काढायला दुसऱ्या तुकड्याचं टोक लागलं. म्हणजे दुसरा तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पहिल्याचा प्रायमर भरून निघत नाही, आणि म्हणूनच पॉलिमरेज एक हे पॉलिमरेज तीनच्या नंतरच. प्रायमर संपला, थोडं पुढचं डीएनएही बदललं, आणि पॉलिमरेज एक सुटलं. मागं राहिलं काय? एक नुसती खाच, तिला निक म्हणतात: एका बाजूला ओएच, दुसऱ्या बाजूला डीएनएचा एकच फॉस्फेट. लायगेजला पाहिजे होतं ते आत्ता तयार झालं. लायगेज फॉस्फोडायएस्टर बाँड बनवते आणि काम संपते. ई. कोलायच्या लायगेजला यासाठी एनएडी लागते, माणसाच्या आणि टी-४ व्हायरसच्या लायगेजला एटीपी. हा फरकही विचारतात.

"प्रायमर काढून रिकामी जागा उरते ती लायगेज भरते" असं बरेच जण लिहितात. लायगेज एकही न्यूक्लिओटाइड भरत नाही, ते फक्त जोडते. भरणं पॉलिमरेजचं काम.

आणि कोणी विचारलं की पॉलिमरेज एकलाच सगळं काम काहून देत नाही, ते तर खाते पण आणि भरते पण, तर वेग पाहा. ई. कोलायचा जीनोम ४६ लाख बेस पेअरचा, दोन फोर्क दोन बाजूला जातात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला २३ लाख. सेकंदाला १००० नं २३०० सेकंद, म्हणजे ३८ मिनिटं, आणि प्रत्यक्षात साधारण ४० मिनिटंच लागतात. पॉलिमरेज एक सेकंदाला फार तर २० च्या आसपास जोडते, त्याला हेच २३ लाख जोडायला ३२ तास लागतील. पण १०-१२ न्यूक्लिओटाइडचा प्रायमर भरायला ते पुरते. असे तुकडे एका पूर्ण रेप्लिकेशनला साधारण तीन हजार होतात, म्हणून प्रायमेज, पॉलिमरेज तीन, पॉलिमरेज एक, लायगेज ही चार नावं लॅगिंग स्ट्रँडवर एकदाच येत नाहीत, तीन हजार वेळा फिरून येतात. उत्तरात या चारांभोवती गोल बाण काढून "प्रत्येक तुकड्याला पुन्हा" असं लिहा.

लावलेला क्रम तपासायचा कसा

चिठ्ठ्या लावून झाल्या की तिसरी ओळ भरा, नसलं तर काय होते. हे अंदाजानं लिहायची गरज नाही, शास्त्रज्ञांनी ई. कोलायचे असे म्युटंट घेतले जे ३० डिग्रीला नीट वाढतात आणि ४२ डिग्रीला नेलं की ते एक प्रोटीन बिघडते. डीएनए-बी, डीएनए-जी किंवा पॉलिमरेज तीन बिघडलं तर डीएनए बनणं ताबडतोब थांबते, कारण ते चालू फोर्कवरचे कामगार आहेत. डीएनए-ए बिघडलं तर थांबणं हळूहळू होते, सुरू झालेली फेरी पूर्ण होते, फक्त नवी फेरी सुरू होत नाही. म्हणजे डीएनए-ए अगदी सुरुवातीलाच लागते, नंतर नाही, हे इथंच सिद्ध झालं. लायगेज बिघडलं तर डीएनए बनते पण छोट्या छोट्या तुकड्यांतच राहते, यावरून ते शेवटचं.

पॉलिमरेज एकचा किस्सा यात वेगळा आहे. आर्थर कॉर्नबर्गनं ते शोधलं, १९५९ चं नोबेल मिळालं, आणि बरीच वर्षं हेच मुख्य एन्झाइम आहे असं मानत होते. १९६९ मध्ये जॉन केर्न्स आणि पॉला डी लुसिया यांनी असा म्युटंट काढला ज्यात पॉलिमरेज एकची जोडायची ताकद जवळपास नव्हती, तरी बॅक्टेरिया वाढत होता, फक्त अल्ट्राव्हायोलेट किरणांनी लवकर मरत होता. त्यावरून मुख्य काम दुसरं कोणी करते हे कळलं आणि पॉलिमरेज तीन सापडलं. त्या म्युटंटमध्ये प्रायमर खाणारा भाग शाबूत होता हे पुढं लक्षात आलं. म्हणून नावातल्या एक आणि तीनवर जाऊ नका, ते सापडल्याचे नंबर आहेत, कामाचे नाहीत. तीन आधी, एक नंतर.

आता एक प्रश्न सोडवून पाहू: लायगेज, प्रायमेज, पॉलिमरेज एक, एसएसबी, हेलिकेज, पॉलिमरेज तीन, जायरेज. सुरुवात दोन्ही टोकांकडून करा. ज्याला फक्त निक लागते ते लायगेज, ते शेवटी. ज्याला कोणाचाच प्रायमर, कोणताच नवा तुकडा लागत नाही ते हेलिकेज, ते पुढं, जायरेज त्याच्या सोबत. सिंगल स्ट्रँड लागणारे दोन, एसएसबी आणि प्रायमेज, यात एसएसबी लगेच झाकते म्हणून आधी. प्रायमरचं ३ प्राइम टोक लागते पॉलिमरेज तीनला. पूर्ण तुकडा आणि समोर प्रायमर, दोन्ही लागते पॉलिमरेज एकला. झालं:

हेलिकेज (सोबत जायरेज) → एसएसबी → प्रायमेज → पॉलिमरेज तीन → पॉलिमरेज एक → लायगेज

टेबलात टोपोआयसोमरेज चार असं वेगळं नाव आलं तर ते लायगेजच्याही नंतर. दोन फोर्क समोरासमोर येऊन भेटले की तयार झालेले दोन गोल डीएनए साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, ते हे सोडवते.

आणि हँडआउटच्या मागच्या पानावर एमसीएम, आरपीए, पीसीएनए, पॉलिमरेज अल्फा, डेल्टा, एप्सिलॉन, फेन-१ अशी नावं असली तर ती माणसाच्या आणि बाकी युकॅरिओटची, ती या यादीत मिसळू नका. जागा मात्र त्याच आहेत: एमसीएम हेलिकेजच्या जागी, आरपीए एसएसबीच्या, पीसीएनए बीटा क्लॅम्पच्या. प्रायमर पॉलिमरेज अल्फासोबतचं प्रायमेज टाकते आणि अल्फा त्याला थोडं डीएनए जोडते, पुढं लीडिंगवर मुख्यतः एप्सिलॉन, लॅगिंगवर डेल्टा. प्रायमर काढताना मात्र काम वाटलेलं आहे, डेल्टा मागून ढकलून प्रायमर उचलते, फेन-१ तो उचललेला भाग कापते, मग लायगेज एक. तिथं तुकडेही लहान, १०० ते २०० न्यूक्लिओटाइडचे. या नावांच्या वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या करा आणि आधीच्या चिठ्ठ्यांच्या खाली त्या त्या जागेवर ठेवा.